१-मिथिलसायक्लोहेक्झीनपासून २-मिथिलसायक्लोहेक्झॅनोन

"आम्लात अल्कीनला पाणी जोडून अल्कोहोल केलं, पण क्रोमिक आम्लाचा नारिंगी रंग जातच नाही. ऑक्सिडेशन का होत नाही?"

कारण चूक त्या पायरीत नाही, आधीच्या पायरीत आहे. आम्लात पाणी मिथिल असलेल्याच कार्बनवर बसतं आणि तृतीयक अल्कोहोल मिळतं. त्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच नाही, मग कीटोन होणार कसा? म्हणून मार्ग उलटा आखावा: कीटोनच्या आधी २-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल हवं, म्हणजे OH कमी गर्दीच्या कार्बनवर. ते हायड्रोबोरेशनने जमतं. १० मिलिमोल अल्कीन कोरड्या THF मध्ये घेऊन, नायट्रोजनखाली ०° सेल्सियसला १ मोलर BH₃·THF चे ६ मिली थेंबथेंब सोडा. कागदावर एक BH₃ तीन अल्कीनना पुरतं, पण इतक्या गर्दीच्या अल्कीनबरोबर ते दोनांवरच थबकतं. एक तृतीयांश हिशेबाने घेतलं तर अल्कीन उरतं. नंतर आधी थोडं पाणी (हायड्रोजन सुटतो, सावकाश), मग NaOH, आणि शेवटी ३०% H₂O₂, तेही बर्फात ठेवून. पेरॉक्साइड घाईने ओतलं तर फ्लास्क उकळतो.

OH आणि मिथिल ट्रान्स येतात, पण पुढे कीटोनच करायचा असल्याने त्याची चिंता नको. उरलेलं पेरॉक्साइड मात्र सोडियम बायसल्फाइटने संपवून, अल्कोहोल वेगळं करूनच ऑक्सिडेशनला घ्या. IR मध्ये ३४०० जवळचा रुंद पट्टा जाऊन १७१० च्या आसपास ठळक पट्टा आला की काम झालं.