‘एकेरीवर येणे’ नेहमी भांडणातच असते का?

अंबाजोगाईहून

‘वाद वाढला आणि तो एकेरीवर आला’ असे आपण लिहितो, आणि त्यामुळे ‘एकेरीवर येणे’ म्हणजे अपमान करणे हाच अर्थ पक्का होऊन बसला आहे. माझा प्रश्न दुसऱ्याच एकेरीविषयी आहे. आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या टपरीवर जमतो. आमच्यातला एक जण दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक झाला. तो आला की आम्ही म्हणतो, ‘‘या गुरुजी, बसा. आज लई उशीर केलात.’’ तोही मान डोलावून बसतो. चहा संपत आला की कोणीतरी त्याच आदराच्या सुरात म्हणतो, ‘‘गुरुजी, आज पैसे दे की.’’ सगळे हसतात, आणि सर्वांत आधी हसतो तो स्वतः.

यात संबोधन आदराचेच राहिले, केवळ क्रियापद खाली आले. ‘अरे, पैसे दे की’ असे म्हटले असते तर कोणीही हसले नसते, कारण तसे तर आम्ही रोजच बोलतो. या मुद्दाम केलेल्या उतरणीला मराठीत वेगळा शब्द आहे का, आणि ती नेमकी कोणत्या शब्दावर घडते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

उदगीरहून

ही लकब उर्दूतून आली असली पाहिजे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. ‘आप’वरून ‘तू’वर येऊन मित्राची फिरकी घेणे माझ्या आजोबांच्या बोलण्यात मी पुष्कळ ऐकले आहे.

परभणीहून

उदगीरकर, आजोबांच्या बोलण्याविषयी शंका नाही, पण उगम तिथे नसावा, कारण ज्या पुण्या-कोल्हापुरावर निजामाचे राज्य नव्हते तिथेही मित्र असेच चिडवतात. मात्र उर्दूचा दाखला दुसऱ्या कारणाने उपयोगी आहे. तिथे ‘आप’ आणि ‘तू’ यांच्यामध्ये ‘तुम’ची पायरी आहे आणि चेष्टा करणारा त्या पायरीवर थांबू शकतो. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘तुम्ही’च्या खाली थेट ‘तू’ येतो. ‘आपण’ आहे, पण तो ‘तुम्ही’च्या वरचा. त्यामुळे मराठीतली उडी मोठी वाटते आणि ती एका अक्षरात पकडता येते: ‘द्या’चे ‘दे’, ‘आलात’चे ‘आलास’.

आता अंबाजोगाईच्या प्रश्नाकडे येतो. आदर आपण तीन ठिकाणी दाखवतो: हाक, सर्वनाम आणि क्रियापद. तिन्ही एकदम खाली आली तर ती साधी जवळीक झाली किंवा भांडण झाले. तिन्ही वरच राहिली आणि समोर जिवलग मित्र असला, तर तो टोमणा वाटतो. गंमत घडते ती हाक वर ठेवून क्रियापद खाली आणल्यावर, कारण मग ऐकणाऱ्याच्या कानावर एकाच वाक्यात ‘तुझा हुद्दा आम्हाला मान्य आहे’ आणि ‘तू आमचाच आहेस’ अशी दोन्ही विधाने पडतात. सर्वनाम बहुधा गाळलेलेच असते. ‘गुरुजी, तू पैसे दे’ असे म्हटले की वाक्य जड होते आणि ‘तू’वर जोर येऊन ते हुकमासारखे ऐकू येते.

हाक मात्र नामाची हवी: गुरुजी, साहेब, सरपंच, वकीलसाहेब. ‘राव’ चालत नाही, कारण तो शब्द इतका झिजला आहे की ‘काय राव, कुठं होतास?’ यात कोणाला आदरही ऐकू येत नाही आणि उतरणही. ‘अहो’ तर मुळीच चालत नाही. ‘अहो, सरक की’ हे कानाला चेष्टा न वाटता चूक वाटते.

जालन्याहून

माझे उदाहरण थोडे वेगळे आहे, पण सांगते. लग्नाला बावीस वर्षे झाली आणि मी यजमानांना चारचौघांत कायम ‘अहो’च म्हणते. शेतात दोघेच असलो आणि ते मोबाइलमध्ये गुंतलेले असले की मी म्हणते, ‘‘अहो, ऐक की!’’ ते हसून मोबाइल खिशात ठेवतात. ‘अहो, ऐका’ म्हटले तर ते ‘हं’ म्हणतात आणि मान वर करीत नाहीत. सासूबाईंसमोर हे कधीच तोंडातून निघत नाही. मग परभणीकर दादा, ‘अहो’ चालत नाही असे कसे म्हणता येईल?

परभणीहून

ताई, प्रश्न मित्रांविषयी असला तरी तुमच्या वाक्याने माझा नियम मोडला, हे मान्य करतो. मला सुचणारे कारण असे की तुमच्या घरात ‘अहो’ हा हाकेचा उद्गार राहिलेला नाही, ते त्यांचे नावच झाले आहे. ‘आमचे अहो गावाला गेलेत’ असे आपल्याकडे बायका सर्रास म्हणतात, तिथे ते नाम म्हणूनच वापरलेले असते. नाम झाले म्हणून ते ‘गुरुजी’सारखे वर राहू शकते आणि क्रियापद खाली येऊ शकते. दोन पुरुष मित्रांत तसे होत नसावे, असे मला अजूनही वाटते.

अंबाजोगाईहून

यात माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे योग्य होईल. मागच्या वर्षी काही कामासाठी मी मित्राच्या शाळेत गेलो होतो. दोन पालक आणि एक नवे शिक्षक समोर बसलेले असताना मी टपरीवरच्याच सवयीने म्हणालो, ‘‘गुरुजी, चल की, उशीर होतोय.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो.’’ ज्याने चाळीस वर्षांत मला कधी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते, त्याच्या त्या एका शब्दाने मला सगळे कळले. त्यानंतर आठवडाभर तो टपरीवरही मला ‘तुम्ही’च म्हणत होता, तेही बाकीच्या दोघांना ‘तू’ म्हणत असताना.

परभणीहून

हीच याची खरी खूण आहे. चेष्टा पोहोचली असेल तर उत्तर एकेरीत येते: ‘तूच दे, काल मी दिले होते.’ उत्तर ‘तुम्ही’त आले तर समजावे की ती लागली. आणि ती लागण्याचे कारण बहुधा ऐकणारे तिसरे लोक असतात. टपरीवर त्याचा हुद्दा तुम्ही दिलेला होता, म्हणून तो उतरवण्याचा अधिकारही तुमचा होता. शाळेत तो हुद्दा पालकांसमोरचा होता आणि त्यांनी ते ‘चल’ ऐकले.

उदगीरहून

मग शब्दाचे काय? मी ‘सलगी’ सुचवतो. ‘सलगीने एकेरीवर आला’ म्हटले की भांडणाचा अर्थ आपोआप गळून पडतो.

जालन्याहून

सलगीत आधी ‘तुम्ही’ म्हटल्याचा भाग येत नाही, भाऊ. गंमत तर त्या आधीच्या ‘तुम्ही’त आहे.

अंबाजोगाईहून

ताईंचा आक्षेप मला पटतो, आणि सध्या ‘सलगीची एकेरी’ यापेक्षा नेमके काही सुचत नाही. ‘अहो’चा प्रयोग मात्र मी काल करून पाहिला. मित्र बाकावर पसरून बसला होता. त्याला म्हणालो, ‘‘अहो, सरक की जरा.’’ तो सरकला आणि हसलाही, पण शेजारी बसलेल्या तिसऱ्याने वळून माझे वाक्य सुधारले, ‘‘सरका म्हण.’’