टीव्हीवरचा साइन-इन कोड चालत नाहीये
> देवगडला आईकडे नवीन टीव्ही लावलाय. यूट्यूबचा कोड फोनवर टाकला की चुकीचा म्हणतो, कास्टचं चिन्हपण दिसत नाही.

आधी टीव्हीची तारीख-वेळ बघा. आपल्याकडे पावसात लाइट सारखी जाते, मग काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं आणि तारीख चुकली की अॅपचं सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही, लॉगिन अडकतं. सेटिंगमध्ये तारीख ऑटोमॅटिक करा आणि टीव्ही प्लगमधून काढून परत लावा.

तारीख बरोबर असेल तर कोड शिळा झालेला असणार. तो थोडाच वेळ चालतो, म्हणून आधी फोनवर youtube.com/activate उघडून आईच्याच अकाउंटने लॉगिन करून ठेवा आणि मगच टीव्हीवर नवा कोड काढा, नाहीतर पासवर्ड आणि ओटीपीच्या नादात, त्यात रेंज ही अशी, कोड संपून जातो. जुन्या फोटोतला कोड तर अजिबात नको.

कास्टसाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. फोन गेस्ट नेटवर्कवर असेल तर राउटर बहुतेक वेळा दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही, इंटरनेट मात्र दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. आयफोन असेल तर लोकल नेटवर्कची परवानगीपण बघा.