मदत हवी आहे: सोसायटीच्या मेलवर रिप्लाय ऑल गेलंय, आता काय? आणि सीसी-बीसीसीचं नक्की कसं ठेवावं?

पाषाणकर_सचिव

नमस्कार मंडळी. आमची ८४ सदनिकांची सोसायटी आहे, पुण्यात. काल संध्याकाळी मॅनेजरने लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना मेलवर पाठवली आणि सगळ्या सभासदांचे पत्ते सीसीत टाकले. त्यावर खजिनदारांना फक्त मला उत्तर द्यायचं होतं. त्यांनी फोनवरून उत्तर दिलं आणि ते गेलं सगळ्यांना. मजकूर साधारण असा: "ब विंगमधले तीन जण नऊ महिने मेंटेनन्स भरत नाहीत, त्यांच्यासाठी लिफ्ट का थांबवायची?" पुढे सदनिकांचे नंबर आणि थकबाकीच्या गूगल शीटची लिंक. दोघांनी त्यावर पुन्हा सगळ्यांना उत्तर दिलंय, एकाने तिखट.

प्रश्न तीन. मेल परत घेता येतो का? माफीचा मेल कोणी, कोणाला आणि कसा पाठवायचा? आणि इथून पुढे सूचना सीसीत पाठवायच्या की बीसीसीत? सोसायटीचा मेल साधा जीमेल आहे.

संगणकमित्र

मेल परत घ्यायची सोय आहे की. आउटलुकमध्ये Sent Items उघडा, तो मेल डबल क्लिक करून वेगळ्या खिडकीत उघडा, मग File, Info, Resend or Recall आणि Recall This Message. काम झालं.

टपालखाना

संगणकमित्र, पायऱ्या बरोबर आहेत, पण इथे उपयोग शून्य. ते रिकॉल पाठवणारा आणि घेणारा एकाच संस्थेच्या मायक्रोसॉफ्टच्या मेलवर असतील तेव्हाच चालतं. सोसायटीचे सभासद जीमेल, याहू, रेडिफ असे विखुरलेले असतात. जुन्या आउटलुकमधून बाहेरच्या माणसाला रिकॉल पाठवलं तर मेल जात नाही, उलट "अमुक यांना हा मेल परत घ्यायचा आहे" असा आणखी एक मेल येतो. मग ज्याने मूळ मेल वाचला नव्हता तोही शोधून वाचतो. जीमेलचं Undo Send म्हणजेही परत घेणं नव्हे. मेल काही सेकंद आपल्याकडेच रोखून धरलेला असतो, तेवढ्यात थांबवता येतो. ती वेळ गेली की संपलं. खजिनदारांनी स्वतःच्या Sent मधून मेल उडवला तरी समोरच्याकडची प्रत तशीच राहते.

पण सचिवसाहेब, तुमच्या प्रकरणात एक गोष्ट अजून हातात आहे आणि माफीच्या आधी तीच करा: शीटची लिंक. फाइल जोडली असती तर गेली ती गेली. लिंक म्हणजे दाराची किल्ली, आणि कुलूप अजून तुमच्याकडे आहे. ज्यांच्या खात्यावर शीट आहे त्यांनी ती उघडून Share दाबायचं. खाली General access मध्ये Anyone with the link असेल तर Restricted करायचं. त्याच खिडकीत वर माणसांची यादीही पाहा. मेल पाठवताना जीमेल "यांना शीट बघू द्यायची का" असं विचारतं आणि घाईत हो म्हटलं की लिंकऐवजी एकेकाचा पत्ता यादीत जाऊन बसतो. तसे पत्ते दिसले तर तेही काढा, नुसतं Restricted करून ते बाहेर जात नाहीत. रात्रीत कोणी शीट उतरवून घेतली असेल किंवा स्क्रीनशॉट काढला असेल तर त्याला इलाज नाही.

नेहा_ठाणे

माझाही असाच प्रश्न आहे. आमचे साहेब म्हणतात, क्लायंटला जाणाऱ्या प्रत्येक मेलला मला सीसीत ठेव. क्लायंटला ते खटकतं. साहेबांना बीसीसीत टाकलं तर चालेल ना?

टपालखाना

नेहाताई, प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर सचिवांच्याही कामाचं आहे. बीसीसीतल्या साहेबांनी सवयीने रिप्लाय ऑल दाबलं तर काय होतं बघा. त्यांचं उत्तर तुम्हाला येतं आणि टू-सीसीतल्या सगळ्यांना, म्हणजे क्लायंटलाही जातं. साहेब गुपचूप वाचत होते हे क्लायंटला त्याच क्षणी कळतं. बीसीसीतला माणूस लपलेला असतो तो फक्त गप्प बसेपर्यंत.

टू आणि सीसीतले पत्ते पत्राच्या मजकुरावरच छापलेले असतात, तर बीसीसीतला पत्ता फक्त पाकिटावर. पाकीट फाडून टाकलं की पत्रात त्याची खूण उरत नाही. म्हणून बीसीसीतल्या माणसाला इतर बीसीसीवाले दिसत नाहीत आणि रिप्लाय ऑल करूनही त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. टू-सीसीवाले मात्र त्याच्या पत्रात दिसतात, त्यांना उत्तर जाऊ शकतं.

तुमच्यासाठी साधा मार्ग: क्लायंटला मेल पाठवा, मग Sent मधून तोच मेल साहेबांना फॉरवर्ड करा. त्यांनी काहीही दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येईल.

मृदुला_ग

सचिवांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी ऑफिसात पत्रव्यवहार बघते, त्यामुळे माफीच्या मेलबद्दल मतं ठाम आहेत. ज्या तिघांचे सदनिका नंबर गेले त्यांना मेलच्या आधी फोन करा, आणि तो खजिनदारांनीच करायचा, तुम्ही नाही. त्यानंतर एकच मेल. जुन्या धाग्यावर Reply दाबून तो लिहू नका, कारण खाली तो सगळा मजकूर नंबरांसकट पुन्हा चिकटून जातो आणि धागा सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये परत वर येतो. नवा मेल, नवा विषय. टूमध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता, सभासद सगळे बीसीसीत. मजकूर एवढाच:

> काल लिफ्टच्या सूचनेवर माझ्याकडून गेलेलं उत्तर खाजगी होतं आणि त्यातली भाषाही योग्य नव्हती. संबंधित सभासदांची मी माफी मागितली आहे, आपणा सर्वांचीही मागतो. शीटची लिंक बंद केली आहे. कृपया त्या मेलवर उत्तर देऊ नये आणि तो पुढे पाठवू नये. लिफ्टचं काम ठरल्याप्रमाणेच होईल.

यात विंग नाही, नंबर नाही, "थकबाकी" हा शब्दही नाही. ज्याने मूळ मेल वाचलाच नाही त्याला माफीतून ती बातमी कळता कामा नये. आणि "नजरचुकीने गेलं" एवढ्यावर सुटू नका. नजरचूक पत्त्याची होती, मजकूर तर हाताने लिहिलेला होता.

संगणकमित्र

पटलं, रिकॉल मागे घेतो! पण एक उपाय खात्रीचा: मेल आधी पूर्ण लिहायचा आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा.

टपालखाना

नव्या मेलला छान. उत्तर देताना पत्ते आधीच भरलेले येतात, आणि अपघात नेमका तिथेच होतो. सगळ्यांना आलेल्या मेलवर एकालाच काही खाजगी लिहायचं असेल तर Reply नको नि Reply all नको, Forward दाबा. त्यात पत्त्याची जागा रिकामी येते, नाव स्वतः लिहावं लागतं. मूळ मेलला जोडलेल्या फाइलीही सोबत जातात, तेवढं बघायचं.

खजिनदारांच्या जीमेलमध्ये दोन गोष्टी तपासा. कंप्युटरवर Settings, See all settings, मग General. तिथे Default reply behavior मध्ये Reply all निवडलेलं असेल तर Reply करा. फोनच्या अ‍ॅपचं हेच सेटिंग वेगळं असतं, अँड्रॉइडवर Default reply action नावाने सापडेल. दुसरं म्हणजे Undo Send. ते मुळात ५ सेकंदांवर असतं, ३० वर न्या. पान खाली नेऊन Save Changes दाबायला विसरू नका, नाहीतर काहीच बदलत नाही.

पाषाणकर_सचिव

लिंक बंद केली. यादीत खरंच अकरा पत्ते निघाले, काढले. खजिनदार फोन करताहेत. आता सूचनांचं सांगा. मॅनेजरचं म्हणणं, सगळे शेजारीच आहेत, पत्ते दिसले तर बिघडलं कुठे?

टपालखाना

पत्ते दिसण्याने किती बिघडतं हे यादी कशाची आहे यावर ठरतं. २०१५ मध्ये लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने एक माहितीपत्रक ७८१ जणांना पाठवलं आणि पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये गेले. क्लिनिकच्या एचआयव्ही सेवेशी जोडलेल्या लोकांची ती यादी होती. नुसतं यादीत नाव दिसणं हीच गळती झाली आणि रुग्णालयाच्या ट्रस्टला पुढच्या वर्षी १,८०,००० पौंड दंड झाला. तुमच्या सगळ्या सभासदांच्या यादीत तसं गुपित नाही. तिथे बीसीसी हवं ते रिप्लाय ऑल टाळायला: उत्तर आलं तर फक्त सोसायटीच्या पत्त्यावर येईल.

थकबाकीची आठवण मात्र बीसीसीतही एकत्र पाठवू नका. "आपणासारख्या थकबाकीदारांना" अशा थाटाचा एकच मेल सगळ्यांना गेला आणि पुढच्या वेळी कोणाच्या हातून पत्ते सीसीत पडले की संपलं. ते मेल एकेकाला वेगळे.

सीसी ठेवा समितीच्या आपसातल्या कामाला. ज्याने काम करायचं तो टूमध्ये, ज्यांना कळलं पाहिजे ते सीसीत. चार-पाच माणसं, एकमेकांना ओळखणारी.

सहकारी_सभासद

मला हे बीसीसी तितकंसं पटत नाही. आमच्या सोसायटीत सभेची सूचना बीसीसीत यायला लागल्यापासून दर सभेत एकच वाद: "मला मेल आलाच नाही", "विरोधी गटाला मुद्दाम वगळलं". सीसीत निदान दिसतं तरी कोणाला गेलं.

मृदुला_ग

मुद्दा बरोबर आहे. मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा, "ही सूचना सर्व ८४ सभासदांना पाठवली आहे." पाठवणाऱ्याच्या Sent मधल्या प्रतीत बीसीसीतले पत्ते दिसतात. वाद झाला तर समितीला ती प्रत दाखवता येते.

सहकारी_सभासद

दाखवणारे तेच, पाठवणारेही तेच. मला अजून सीसीच बरं वाटतं.

टपालखाना

मधला रस्ता म्हणजे गूगल ग्रुप. सगळे सभासद ग्रुपमध्ये घाला आणि Who can post फक्त मॅनेजर आणि मालकांपुरतं ठेवा. सूचना ग्रुपच्या एकाच पत्त्यावर जाते, सभासदाने रिप्लाय ऑल केलं तरी ग्रुप ते इतरांना पाठवत नाही. सदस्यांची यादी कोणी पाहायची तेही ठरवता येतं, त्यामुळे सहकारी_सभासद यांच्या शंकेसाठी ती सगळ्यांना उघडी ठेवा हवं तर. मेहनत एकदाच आहे, पण कोणी पत्ता बदलला की यादी सांभाळायला माणूस लागतो.

नेहा_ठाणे

आणि ते जुन्या धाग्यावरचे दोघे अजून उत्तरं देतच राहिले तर?

टपालखाना

त्यांना थांबवता येत नाही, सगळ्यांचे पत्ते आता त्यांच्याकडे आहेत. समितीपैकी कोणीही त्या धाग्यावर "कृपया रिप्लाय ऑल करू नका" असं रिप्लाय ऑल करू नये, त्याने आणखी दहा जण जागे होतात. त्या दोघांना फोन करा. ज्या सभासदांना वैताग येईल त्यांनी जीमेलमध्ये तो मेल उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून Mute करावं, पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये येणार नाहीत.

पाषाणकर_सचिव

दोन फोन झाले. तिसरे गृहस्थ म्हणतात, माफी ज्या ८४ जणांसमोर अपमान झाला त्यांच्यासमोर माझं नाव घेऊन मागा. मृदुलाताई, नाव घ्यायचं का?

मृदुला_ग

त्यांनी स्वतः मागितलं तर माझा नियम तिथे लागत नाही. पण आधी त्यांच्याकडून तसं लेखी घ्या, आणि बाकी दोघांची नावं त्या मेलात नकोत.

सहकारी_सभासद

एकाचं नाव आलं की उरलेले दोन कोण, हे ब विंगला पाच मिनिटांत कळेल. त्यापेक्षा सभेत तोंडी मागा.