पाचला हीटिंग लावलं तरी सातला घर गारच (शिवाय तीन आठवडे पुण्याला जायचंय)

स्नेहल, न्यूर्नबर्ग

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ऑक्टोबरपासून चार रेडिएटरवर FRITZ!DECT 301 हे ॲपवरून चालणारे थर्मोस्टॅट बसवलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, खाली तळघरात सगळ्या इमारतीचा एकच गॅस बॉयलर. ॲपमध्ये आठवड्याचं वेळापत्रक केलंय. हॉलला सकाळी 5 ते 8 Komforttemperatur 21.5, मग Spartemperatur 15, संध्याकाळी 5 ते 10 परत 21.5. तरीही सकाळी सातला हॉलमध्ये 18.5 च्या आसपास असतं. मुलगी ब्लँकेट गुंडाळून दूध पिते. मी आता 4 पासून आणि 24 वर लावावं का?

दुसरं म्हणजे 20 डिसेंबर ते 10 जानेवारी आम्ही पुण्याला. तेव्हा किती ठेवायचं? शेजारच्या बाई म्हणाल्या, पूर्ण बंद करा. यजमान म्हणतात 18 च्या खाली नको, शिमेल म्हणजे बुरशी येईल.

स्नेहल

---

मिलिंद, म्युनिक

स्नेहल, वेळापत्रकाच्या भानगडीत पडू नकोस. घर एकदा गार झालं की भिंती परत गरम करायला वाचवलं त्याहून जास्त गॅस जातो. आमच्याकडे चार वर्षं सगळीकडे 20.5 आहे, दिवसरात्र, एक बटण दाबलेलं नाही. सुट्टीत 19. बिल शेजाऱ्यांपेक्षा कमी येतं.

---

अरुणाकाकू, हॅम्बर्ग

स्नेहल, तुझं पत्र वाचून आमचा गेल्या वर्षीचा प्रसंग आठवला, सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं ॲप वेगळं आहे, फोन घराबाहेर गेले की ते आपोआप 'घरी कोणी नाही' समजतं आणि हीटिंग खाली आणतं. नागपूरहून माझे सासू-सासरे आले होते, त्यांच्या फोनमध्ये ॲप नव्हतं. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घर 16 वर. तीन दिवस दोघं स्वेटर, शाल, मोजे घालून बसले आणि आम्हाला त्रास नको म्हणून एका शब्दाने बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी जेवायला घरी आले तेव्हा कळलं. मला आजही वाईट वाटतं. पाहुणे असतील तर ते जागेवरून ठरवणं बंद करायचं, नाहीतर घरातच राहणारा एक जुना फोन त्या ॲपमध्ये जोडून ठेवायचा.

तुझ्याकडे कोणी राहायला येणार आहे का?

---

विद्याधरकाका, न्यूर्नबर्ग

स्नेहल,

24 केल्याने काहीही लवकर तापणार नाही. 21.5 ला आणि 24 ला झडप आधी तितकीच पूर्ण उघडते. फरक एवढाच की 24 ला ती बंद व्हायला उशीर लागतो आणि तू ऑफिसला निघालीस तरी खोली तापत राहते.

आधी एक गोष्ट कर, ॲपमध्ये नाही, हाताने. उद्या सव्वापाचला उठून हॉलच्या रेडिएटरला जाणारा वरचा पाइप धर. ॲपमध्ये 21.5 दिसत असेल, झडप उघडी असेल आणि पाइप नुसता कोमट असेल, तर तुझ्या वेळापत्रकात चूक नाही. खालचा बॉयलर झोपलेला आहे. पुष्कळ इमारतींत रात्री बॉयलरच्या पाण्याचं तापमान उतरवलेलं असतं. नक्की कधीपर्यंत ते हाउसमाइस्टरला विचार. पाइप चांगला गरम असेल तर मग आपण रेडिएटरचा आकार, पडदा, हवा अडकणं वगैरे बघू.

मिलिंद, तुमच्याकडे फ्लोअर हीटिंग आहे, बरोबर? नवी इमारत, खिडक्यांना तीन काचा? मग तुम्ही जे करता ते तुमच्या घराला योग्यच आहे. तिथे जमीन तापायला आणि थंड व्हायला कित्येक तास लागतात, रात्रीपुरतं उतरवण्याला अर्थच राहत नाही. पण "परत तापवायला जास्त लागतं" हे रेडिएटरच्या जुन्या घराला लागू नाही. घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर 2, आत 20, फरक 18. रात्रीचे आठ तास आत सरासरी 18 राहिलं, तर फरक 16. त्या आठ तासांत गळती नवव्या भागाने कमी. दिवसाच्या हिशोबात ते साधारण 4 टक्के. फार मोठं नाही, पण सकाळी भिंतींना परत द्यायची उष्णता यात धरलेलीच आहे, कारण रात्री भिंती थंड होताना तीच आपल्याला मिळालेली असते.

---

मिलिंद

हो, फ्लोअर हीटिंग आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण काका, बॉयलरला सकाळी पूर्ण जोर लावावा लागतो त्याचं काय? आमच्या इमारतीत हीट पंप आहे आणि तो बसवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं की रात्री उतरवू नका.

---

विद्याधरकाका

हीट पंपाच्या बाबतीत तो बरोबर सांगत होता. सकाळी पटकन तापवायला पाणी जास्त गरम करावं लागतं आणि तिथे त्याची कार्यक्षमता पडते. गॅस बॉयलरला तो तोटा खूपच कमी. तुमच्या घराबद्दल मी वाद घालत नाही.

---

स्नेहल

काका, आज सव्वापाचला उठले. ॲपमध्ये 21.5, पाइप कोमट, अगदी अंघोळीच्या उरलेल्या पाण्यासारखा. पावणेसहालाही तसाच. सहा वाजून दहा मिनिटांनी हात ठेववेना इतका गरम! हाउसमाइस्टरला विचारलं, रात्री 10 ते सकाळी 6 बॉयलर खाली असतो. म्हणजे एवढे दिवस माझे पाच ते सहा फुकट. Adaptiver Heizbeginn पण चालू होतं.

आणि एक: ॲपमधला तापमानाचा आलेख बघितला. बाहेर 1-2 असतानाही रात्री हॉल 17.5 च्या खाली गेलेलाच नाही. मग 15 लावण्याचा उपयोग काय?

अरुणाकाकू, हो. फेब्रुवारीत आई-बाबा येणार आहेत. आमचं ॲप फोन कुठे आहे त्यावर चालत नाही, वेळेवर चालतं, त्यामुळे तुमच्यासारखं होणार नाही. पण आईला सारखी थंडी वाजते, ती रेडिएटरवरचं बटण दाबून वाढवणारच.

---

विद्याधरकाका

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच शोधलंस. घर 17.5 ला थांबतं तोवर Spartemperatur 15 असो की 17, झडप रात्रभर बंदच असते, बिल तेच. फरक पडेल तो उणे दहाच्या रात्री आणि लांबच्या सुट्टीत. म्हणून 17 ठेव. कडाक्याच्या थंडीत सकाळी सावरायला तेच बरं पडेल.

Adaptiver Heizbeginn बंद कर. ठरलेल्या वेळी खोली गरम हवी म्हणून ते आधीपासून तापवायला लागतं. पण सहाच्या आधी पाणीच गरम नाही, तेव्हा कितीही लवकर झडप उघडली तरी काय मिळणार? नुसती बॅटरी खर्च.

आता वेळापत्रक असं करून बघ. हॉल सोमवार ते शुक्रवार 6 ते 8, संध्याकाळी 5 ते 9.30. तापमान 20.5 पासून सुरू कर, एक अंश खाली आणलं की गरम करण्याचा खर्च साधारण 6 टक्क्यांनी उतरतो. सकाळी सहाला सुरू करून सातला 20 होणार नाही, हे मान्य करावं लागेल. त्यावर उपाय रात्रीच्या बाजूने आहे. झोपायची खोली आणि हॉल यांच्यामधलं दार बंद ठेव, खिडकीचे रोलाडन खाली घे, रेडिएटरसमोर पडदा लोंबू देऊ नकोस. पडदा असला की झडपेतल्या सेन्सरला वाटतं खोली तापली, आणि तो बंद होतो. तरीही मुलीला थंडी वाजली तर घरमालकाकडे बॉयलर 5 ला सुरू करायची मागणी करता येईल. मात्र तेव्हा सगळ्या इमारतीचं ऐकावं लागेल.

ज्या दिवशी कोणी घरून काम करतं, त्या दिवशी फक्त त्या खोलीला दुपारचा भाग दे. अख्खं घर तापवू नकोस.

आईचं बटण: हाताने बदललेलं तापमान पुढच्या ठरलेल्या बदलापर्यंतच टिकतं. हॉलमध्ये ते चालेल, साडेनऊला परत 17 होईल. पण कामाच्या खोलीला शुक्रवार दुपारनंतर मंगळवारपर्यंत एकही बदल नसेल, तर शुक्रवारी संध्याकाळी लावलेले 24 मंगळवारपर्यंत चालू राहतील. म्हणून तिथे रोज संध्याकाळी अर्ध्या तासाचा छोटा गरम भाग ठेव. तो संपला की खोली आपोआप 17 वर येते.

---

स्नेहल

हे फार उपयोगी, काका. कामाच्या खोलीचं तर मला सुचलंच नसतं. आता सुट्टीचं सांगा.

---

विद्याधरकाका

Urlaubsschaltung मध्ये 20 डिसेंबर दुपारपासून 16 अंश लाव. पूर्ण बंद नको: पाइप गोठले तर त्याची जबाबदारी भाडेकरूवर येऊ शकते, आणि पूर्ण गार झालेलं घर परत तापायला दिवसापेक्षा जास्त लागतं. 18 ची गरज नाही. घरात माणूस नाही म्हणजे अंघोळ नाही, स्वयंपाक नाही, ओले कपडे नाहीत. शिमेलला लागणारा ओलावा तिथे तयारच होत नाही. जाण्याआधी मात्र मोठ्या खिडक्या दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा बदल, मग बंद कर. एकही खिडकी तिरकी उघडी ठेवून जाऊ नकोस. तिरक्या खिडकीने तापमान हळूहळू उतरतं, उघडी खिडकी ओळखणाऱ्या सोयीला ते बहुधा कळतच नाही, आणि खिडकीखालचा रेडिएटर बाहेरच्या थंड हवेलाच तापवत बसतो.

सुट्टीचा शेवट ठरवताना विमान उतरण्याची वेळ लावू नकोस. तुम्ही 10 तारखेला रात्री घरी येणार, तर शेवट 10 तारखेला सकाळी 6. बॉयलर सहाला जागा होतो, त्याला दिवसभर वेळ मिळतो. आणि चारही रेडिएटर एका गटात नसतील तर प्रत्येकाला वेगळं लाव. लोक बाथरूमचा हमखास विसरतात.

---

संदीप, फ्रँकफर्ट

आम्ही तर जाताना सगळे प्लग काढतो, राउटरसुद्धा. म्हणजे वीजही वाचते.

---

विद्याधरकाका

राउटर चालू ठेवा. तो बंद केला की पुण्यातून ॲप उघडून काही बघता येणार नाही, बदलताही येणार नाही. विमान दोन दिवस पुढे गेलं तर सुट्टी वाढवायची कशी?

---

स्नेहल

सगळं केलं. आजची सकाळ: सहाला 17.8, सातला 19.4, आठला 20.3. दार बंद ठेवल्याचा फरक पडलाय असं वाटतं. मुलगी अजून ब्लँकेटमध्येच आहे, तिचं म्हणणं 19.4 ही थंडीच आहे.

बिलाबद्दल एक शंका. घरमालक म्हणतात खर्चातला 30 टक्के भाग क्षेत्रफळावर वाटला जातो, 70 टक्के आपल्या वापरावर. म्हणजे माझी बचत त्या 70 मध्येच दिसणार ना?

---

विद्याधरकाका

हो. कायद्याने वापराचा भाग 50 ते 70 टक्के असतो, तुमचा 70 आहे हे चांगलं. रेडिएटरवरचे मोजणी यंत्र दुरून वाचता येणारे असतील तर दर महिन्याचा वापर तुला कळवला जायला हवा. पण डिसेंबरचा आकडा नोव्हेंबरशी लावू नकोस, थंडी वेगळी असते. गेल्या डिसेंबरशीही जपूनच.

---

अरुणाकाकू

स्नेहल, मुलीला सकाळी हॉलमध्ये बसवण्यापेक्षा स्वयंपाकघरात बसव. पोळ्या करताना तिथे आपोआप ऊब येते.

---

मिलिंद

काका, आमच्या इमारतीत हीट पंप आहे, पण आम्हीही जानेवारीत तीन आठवडे नागपूरला चाललोय. सुट्टीत 19 ऐवजी 17 करून बघू का? जमिनीला परत तापायला किती दिवस लागतील?

---

विद्याधरकाका

मिलिंद, तीन आठवड्यांसाठी करून बघा, पण परत यायच्या दोन दिवस आधी शेवट लावा. जमिनीच्या थराची जाडी माहीत नसताना दोन दिवस पुरतील की नाही हे मी छातीठोक सांगणार नाही. आल्यावर आकडे इथे कळवा.