आईसाठी व्हॉट्सअ‍ॅप पिनचं कार्ड : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून दिलंय. ती ७४ वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी राहते. व्हॉट्सअ‍ॅप अधूनमधून पिन विचारतं, तेव्हा ती घाबरून फोन बाजूला ठेवते. खरी अडचण अशी की एसएमएसने येणारा कोडही सहा आकडी आणि पिनही सहा आकडी, त्यामुळे तिला दोन्ही एकच वाटतात. कोणी गोड बोलून कोड मागितला तर ती देऊन टाकेल, ही मला धास्ती आहे.

म्हणून मोठ्या अक्षरात कार्ड लिहितेय: "मेसेजमध्ये आलेला आकडा कोणालाच सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर पिन विचारला तर आपला ठरलेला आकडा टाकायचा. फोनवर कोणी विचारला तर फोन ठेवायचा." घाई न करता रोज संध्याकाळी फोनवर तिच्याकडून हे वाचून घेते.

पिन कार्डावरच लिहावा, की वेगळा कपाटात ठेवावा? पिन विसरला आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. मग ईमेल तिचा द्यावा की माझा? तिचा ती कधीच उघडत नाही. तुम्ही घरच्यांसाठी काय केलंत?