मदत हवी आहे: रविवारी अरदास मला करायला सांगितली आहे

लुधियानाची_सून: रविवारी घरी सुखमनी साहिबचा पाठ आहे. सासूबाई आज म्हणाल्या, शेवटची अरदास, म्हणजे उभं राहून करायची प्रार्थना, तू कर. अख्खी तोंडपाठ करायची का? मधलं काही गाळलं तर चालतं का? आणि आपली मागणी नेमकी कुठे घालायची? लवकर सांगा, चारच दिवस आहेत.

सरळमार्गी: अरदास फक्त ग्रंथी करतात. बायकांनी तर नाहीच. गुरुद्वाऱ्यातून भाईजींना बोलवा आणि मोकळ्या व्हा.

जसकौर_पुणे: सरळमार्गी, हे कुठून आणलंत? कोणीही शीख, बाई असो वा पुरुष, अरदास करू शकतो. ग्रंथी करतात ते संगत मोठी असली की सोयीचं पडतं म्हणून. सूनबाई, आधी सांगा, घरी महाराज, म्हणजे गुरु ग्रंथ साहिब, येणार आहेत की गुटक्यावरून, म्हणजे छोट्या पोथीवरून पाठ आहे? आणि किती जण असतील?

चहाबाज: कडाह प्रसादाला तूप, साखर आणि कणीक समसमान घ्या. बाकी आपोआप होतं.

लुधियानाची_सून: चहाबाज, प्रसाद जाऊबाई करणार आहेत! जसकौर, गुटक्यावरूनच. घरचेच दहा-बारा जण. मी महाराष्ट्रीय, लग्न होऊन इथे आले. अमृत छकलेलं नाही, म्हणजे खालसा दीक्षा घेतलेली नाही.

जसकौर_पुणे: हे आधी सांगायचं ना! तख्तांवर, म्हणजे शिखांच्या पाच मुख्य धर्मपीठांवर अमृतधारीच लागतो, पण घरच्या पाठाला सहसा कोणी अडवत नाही. तरी सासूबाईंना एकदा विचारून ठेवा, प्रत्येक घराची रीत वेगळी. महाराज नसतील तर कुठल्याही दिशेला तोंड करून उभं राहता येतं. डोकं झाकायचं, हात जोडायचे, सगळ्यांनी उभं राहायचं. पाठ संपला की आधी आनंद साहिबच्या पहिल्या पाच आणि शेवटची पौडी, म्हणजे कडवी, मग अरदास.

काय गाळायचं ते असं. सुरुवात "प्रिथम भगौती सिमरि कै"पासून. त्यात नऊ गुरूंची नावं येतात, नंतर दहावे पातशाह. हा भाग आणि अगदी शेवटच्या दोन ओळी, "नानक नाम चढ़दी कला, तेरे भाणे सरबत दा भला", यांना हात लावायचा नाही. मधलं लहानमोठं करता येतं.

नांदेडकर_७०: मधल्या भागात पाच प्यारे, चार साहिबजादे, चाळीस मुक्ते, मग शहीद. "बंद बंद कटाए" म्हणताना भाई मणी सिंघ आठवतात, "खोपड़ियां लुहाइयां" म्हणताना भाई तारू सिंघ, "आरियां नाल चिराए" म्हणताना भाई मतीदास. नावं म्हणायची नाहीत, नुसत्या खुणा. प्रत्येक टप्प्यावर "बोलो जी वाहिगुरू" म्हणून थांबायचं आणि सगळे "वाहिगुरू" म्हणाले की पुढे जायचं. नवशिके इथेच घाई करतात, मग घरच्यांचा "वाहिगुरू" पुढच्या वाक्यावर आदळतो. पुढे पाच तख्तांचा उल्लेख येतो, त्यात आमचं नांदेडचं हजूर साहिबही आहे. पूर्वी चारच म्हणत, दमदमा साहिब नंतर जोडलं.

सरळमार्गी: म्हणजे बदलतं ना? मग मागणी कुठेही घाला.

जसकौर_पुणे: कुठेही नाही. १९४७ नंतर ननकाणा साहिबसारखी जी स्थानं पलीकडे राहिली, त्यांच्या खुल्या दर्शनाची विनंती येते. त्यानंतर "सच्चे पिता वाहिगुरू, आप दे हजूर" आलं की तुमची जागा: "सुखमनी साहिब दे पाठ दी अरदास है जी", मग ज्या कारणासाठी पाठ ठेवलाय ते तुमच्या शब्दांत, दोन-चार वाक्यांत. लगेच "अक्खर वाधा घाटा भुल्ल चुक माफ करनी". उच्चार चुकले तरी तेवढ्यात आलं. पुढे "सरबत दे कारज रास करने", म्हणजे सगळ्यांची कामं मार्गी लागू देत, मग शेवटच्या दोन ओळी. त्यानंतर माथा टेकून फतेह आणि जयकारा. कारण काय आहे तुमचं?

लुधियानाची_सून: नणंदेला कॅनडाचा व्हिसा मिळू दे म्हणून. हे तोंडाने म्हणायचं?? मराठीतून बोलले तर?

नांदेडकर_७०: बिनधास्त म्हणा. तेवढा भाग मराठीतून केला तरी चालेल, पण घरच्यांना कळायला हवं, मागणी सगळ्यांच्या वतीने असते. बाकी पंजाबीच ठेवा. हातात कागद धरलात तरी चालतं, पण कोणीतरी "वाहिगुरू" मोठ्याने म्हणणारा शेजारी ठेवा.

जसकौर_पुणे: आणि व्हिसाचा आग्रह नको. "तेरे भाणे" शेवटी आहेच, म्हणजे तुझ्या मर्जीने. मी "कारज रास करना" एवढंच म्हणेन.

नांदेडकर_७०: असं काही नाही. आमच्याकडे लोक दुकानापासून म्हशीपर्यंत सगळं मागतात.

जसकौर_पुणे: मागतात हे मान्य, पण व्हिसाचा नंबर वाचून दाखवणारेही पाहिलेत!

चहाबाज: नांदेडला लंगर रात्री किती वाजेपर्यंत असतो? पुढच्या महिन्यात येतोय.

लुधियानाची_सून: आज रात्री सासूबाईंसमोर एकदा म्हणून पाहते. "भगौती" म्हणजे देवी का, असं नवरा विचारतोय, मी काय सांगू?

सरळमार्गी: देवीच.

जसकौर_पुणे: नाही हो. कोणी तलवार म्हणतात, कोणी अकालपुरख, म्हणजे परमेश्वर म्हणतात, पंथात यावर वाद जुना आहे. रविवारच्या आत मिटणार नाही, ओळ तशीच म्हणा.