मदत हवी आहे: गाडी चालवताना व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाचून दाखवणारं काही चालू होत नाहीये

डोंगरकाठ
दोन दिवस डोकं खाल्लं, आता विचारतो. गाडीत ब्लूटूथ आहे, फोन जोडलेला आहे, फोन आला की स्पीकरवर वाजतो. पण मेसेज वाच म्हटलं की "नवीन संदेश नाहीत" असं येतं. मी गुरांचा डॉक्टर. काल दुपारी कोतूळकडे जात होतो. 4.10 ला एका पशुपालकाचा मेसेज आला की गाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलंय. तो मी पाहिला 5.20 ला, गाडी थांबवल्यावर. तोवर मी अगदी उलट्या दिशेला गेलो होतो.
मला एवढंच हवंय: मेसेज ऐकू यावा आणि मी "अर्ध्या तासात येतो" एवढं बोलून पाठवू शकावं. आधी काय सेट करायचं ते सांगा. "गाडी बाजूला घ्या" हे मला माहीत आहे.

केबलवाला
अँड्रॉइड ऑटो. केबल लावा, स्क्रीनवर मेसेज येईल, बोट लावलं की वाचेल, मग "रिप्लाय" म्हणा. मी पुणे-नाशिक रोज हेच करतो. याहून सोपं काही नाही.

डोंगरकाठ
स्क्रीन नाही हो. जुना स्टिरिओ आहे, एका ओळीत अक्षरं सरकतात तेवढंच.

केबलवाला
मग फोनवरचं अँड्रॉइड ऑटो टाका. फोनच स्क्रीन होतो.

निरंजन_क
ते फोनपुरतं चालणारं ॲप 2022 मध्येच बंद झालं. आता अँड्रॉइड ऑटोला गाडीत ते चालवणारा स्क्रीनवाला स्टिरिओ लागतो. डॉक्टर, स्टिरिओ बदलायचा सल्ला लगेच घेऊ नका, त्याआधी बरंच करता येईल. पण माहिती हवी:
फोन कोणता? "मेसेज वाच" हे तुम्ही स्टिरिओच्या बटणाला सांगता की फोनला? व्हॉट्सअ‍ॅप साधं की बिझनेस? आणि तेच व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे उघडं असतं का?

मृणाल (दुबई)
आयफोनवर `Announce Notifications` चालू करा. सिरी आपोआप वाचते आणि लगेच उत्तर विचारते. माझ्या गाडीत कारप्ले आहे, अगदी छान चालतं.

निरंजन_क
मृणालताई, तुमचं चालतं ते कारप्लेमुळे. डॉक्टरांसारखं नुसतं ब्लूटूथ असेल तर आयफोनचंही ते तसं चालणार नाही. आणि त्यांच्याकडे आयफोन आहे असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

डोंगरकाठ
फोन सॅमसंग. बटण स्टिरिओचं, त्यावर पाकिटाचं चित्र आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ते दिवसभर उघडं असतं, कंपाउंडर औषधांच्या ऑर्डरी बघतो. याचा काय संबंध?

निरंजन_क
संबंध आहे, आणि माझ्या मते कालचं उत्तर तिथेच आहे. एकेक करून सांगतो.

पहिलं, ते पाकिटाचं बटण विसरा. ब्लूटूथवरून स्टिरिओला फोनमधले साधे एसएमएस मागता येतात, व्हॉट्सअ‍ॅपचे नाहीत. त्यामुळे तो "नवीन संदेश नाहीत" म्हणतो ते त्याच्या परीनं खरंच असतं. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या चाकावर गेलात तर मेसेज देण्याची परवानगी दिसेल. ती चालू केली तरी एसएमएसच वाचले जातील, म्हणजे बहुतेक बँकेचे आणि ओटीपीचे.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज वाचायला फोनच बोलला पाहिजे. आणि फोन व्हॉट्सअ‍ॅपच्या आत जाऊन वाचत नाही, वरच्या पट्टीत जी सूचना येते ती वाचतो. सूचना नसेल तर वाचायला काही नाही. म्हणून म्यूट केलेला गट किंवा आर्काइव्हमध्ये टाकलेलं संभाषण सहसा ऐकू येणार नाही. आणि कंपाउंडरनं तो मेसेज कॉम्प्युटरवर उघडला की तुमच्या फोनवरची सूचना आपोआप निघून जाते. त्याला विचारा, काल 4.10 नंतर त्यानं ते संभाषण उघडलं होतं का.

डोंगरकाठ
विचारलं. उघडलं होतं. "मला वाटलं तुम्ही वाचलाच असेल" म्हणाला. म्हणजे माझ्या फोनवर सूचना आली आणि गेली?

निरंजन_क
तसंच दिसतं. यात त्याचीही चूक नाही. नियम एवढाच करा: तुम्ही फिरतीवर असताना आजाराचा मेसेज त्यानं उघडला तर लगेच तुम्हाला फोन करायचा.

सावकाश_जा
तुम्ही सगळे त्यांना मदत करताय, पण हे कायद्यात बसतं का? गाडी चालवताना मोबाईल म्हणजे दंड.

केबलवाला
हातात धरला तर. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 मध्ये हातात धरलेल्या उपकरणाचा उल्लेख आहे. पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, शिवाय कैदही होऊ शकते. बोलून करण्याचा उल्लेख त्यात नाही.

सावकाश_जा
कलमाचं सोडा, लक्षाचं बोला. अमेरिकेत एएए फाउंडेशननं 2015 मध्ये तपासलं होतं. बोलून आज्ञा दिल्यावर, काही गाड्यांमध्ये चालकाचं लक्ष पूर्ण परत यायला 27 सेकंदांपर्यंत लागले. ताशी 50 च्या वेगानं 27 सेकंदांत गाडी पावणेचारशे मीटर जाते. आमच्या घाटात तेवढ्यात दोन वळणं होतात.

केबलवाला
मग शेजारच्याशीही बोलू नका.

सावकाश_जा
शेजारच्याला समोरचा ट्रक दिसतो, तो बोलायचं थांबतो. फोन थांबत नाही.

निरंजन_क
सावकाश_जा यांचा मुद्दा मला पटतो, म्हणून मी ऐकणं आणि उत्तर देणं वेगळं ठेवतो. आधी ऐकणं लावू.

सॅमसंगमध्ये `Modes and Routines` आहे. तिथे नवीन रुटीन करा. `If` मध्ये ब्लूटूथ निवडून गाडीच्या स्टिरिओचं नाव द्या. `Then` मध्ये `Read notifications aloud` घ्या आणि ॲपच्या यादीत फक्त व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर खूण करा. सगळ्या ॲपना खूण केलीत तर वीजबिलापासून क्रिकेटच्या स्कोअरपर्यंत सगळं ऐकावं लागेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही वैतागून बंद कराल.

मग `Text-to-speech` मध्ये जा. इंजिन गूगलचं निवडा, भाषा मराठी करा, आवाज डाउनलोड करा. हे राहिलं तर देवनागरी मेसेज नीट ऐकू येणार नाही.

गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, घरच्या दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवून बघा. काय होतं ते इथे लिहा.

डोंगरकाठ
केलं. मेसेज आला पण टिंगही नाही आणि वाचलंही नाही. गाडी बंद केली, ब्लूटूथ तुटलं, की लगेच टिंग वाजलं.

निरंजन_क
गाडी जोडली की फोन स्वतःहून शांत होतोय का? वर चंद्रासारखं किंवा आडव्या रेघेचं चिन्ह दिसतं?

डोंगरकाठ
रेघेचं. हो, मुलीनं दिवाळीत "ड्रायव्हिंग" म्हणून काहीतरी लावून दिलं होतं, गाडीत त्रास नको म्हणून. हे सांगायला हवं होतं का?

निरंजन_क
हेच हवं होतं! त्या ड्रायव्हिंग मोडमध्ये `Do not disturb` चालू होत असणार. त्याला अपवाद देता येतात. ॲपमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका आणि कॉलमध्ये तुमचे संपर्क व `Repeat callers` चालू ठेवा. म्हणजे अनोळखी पशुपालकानंही लागोपाठ दुसऱ्यांदा फोन केला तर वाजेल. मोड पूर्ण काढू नका, मुलीनं बरोबर केलंय.

पुढे कधी अडलं तर एवढं बघा. टिंग वाजलं पण वाचलं नाही, तर चूक रुटीनमध्ये किंवा आवाजात आहे. टिंगच नाही, तर सूचना वाटेत अडतेय.

गोठा_आणि_मी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. बाईकवर हेल्मेटमध्ये लावायचं ब्लूटूथ यंत्र घेतलंय, त्यात डाव्या बाजूचा आवाज कमी येतो. कुणाला अनुभव?

वसुधा_ठाणे
डॉक्टर, मी रिक्षाच्या व्यवसायातली. आम्ही बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपचा `Away message` लावतो. "गाडी चालवत आहे. तातडीचं असेल तर दोनदा फोन करा." समोरच्याला लगेच जातं, तुम्हाला बोलावंच लागत नाही.

डोंगरकाठ
ताई, हे आवडलं, पण चालू-बंद करायला मी विसरणार.

वसुधा_ठाणे
मग फिरतीचे तास ठरवून वेळापत्रक लावा. आमचे तास ठरलेले नसतात म्हणून मी हातानं करते. तुमचे असतील.

डोंगरकाठ
तीन दिवस वापरून लिहितोय. वाचणं जमलं! राजूरच्या रस्त्यावर पहिला मेसेज स्पष्ट मराठीत ऐकला, "डॉक्टर म्हैस चारा खात नाही सकाळपासून". जीव भांड्यात पडला. रोमन अक्षरांत लिहिलेलं मात्र कळत नाही. "gay basli ahe uthat nahi" हे असं काही वाचलं की मला मेसेज कुणाचा एवढंच समजलं.

उत्तराचं सांगतो. गूगलच्या असिस्टंटला `Device & app notifications` मधून सूचना वाचायची परवानगी दिली, मग "मेसेज वाच" म्हटलं की वाचून उत्तर विचारतो. उभ्या गाडीत तपासलं. मी बोललो "गाय उठवू नका, येतो". स्क्रीनवर आलं "काय उठवू का येतो". आडवी पडलेली गाय जबरदस्तीनं उठवली तर पाय मोडू शकतो. वळणावर असतो तर मी न बघता "पाठव" म्हटलं असतं.

निरंजन_क
म्हणून "नको", "करा" अशा शब्दांवर ज्याचा अर्थ फिरतो ते बोलून लिहूच नये. "येतो" आणि वेळ, एवढंच. आणि एकदा चुकलं तर चालत्या गाडीत दुरुस्त करायचं नाही, राहू द्यायचं.

सावकाश_जा
हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

केबलवाला
माझं कधी असं होत नाही. पण मी इंग्रजीत बोलतो, तेही "ऑन माय वे" एवढंच.

डोंगरकाठ
मी असं ठरवलंय. मेसेज ऐकायचा, उत्तर वेळापत्रकावरच्या मेसेजनं जाईल, आणि सूचना द्यायच्या असतील तर गाडी थांबवून फोन. गाईचं बाहेर आलेलं अंग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून ठेवा, आत ढकलू नका, हे मला माणसाच्या कानात घालायचंय, मशीनच्या नाही.

एक मात्र राहिलंच. माझ्याकडे निम्मे मेसेज व्हॉइस नोटनं येतात, लोकांना लिहायचा कंटाळा. त्यावर फोन फक्त "व्हॉइस मेसेज" एवढंच म्हणतो आणि गप्प. ते वाजवायचा काही मार्ग आहे का, स्क्रीनला हात न लावता?

निरंजन_क
सूचनेत ध्वनी नसतो, त्यामुळे या पद्धतीनं मला तरी जमलेलं नाही. कुणी केलं असेल तर फोनचं मॉडेल लिहून सांगा.

वसुधा_ठाणे
डॉक्टर, त्या `Away message` मध्येच एक ओळ घाला: "व्हॉइस नोट गाडीत ऐकू येत नाही, फोन करा." आमच्याकडे आठवड्याभरात लोकांना सवय झाली.

गोठा_आणि_मी
हेल्मेटचं कुणीच सांगितलं नाही.